आलेखातला चढ आणि रस्त्यावरचा चढ

नववीच्या वर्गात वाटलेल्या एका कार्यपत्रिकेवर एकच आकृती आहे. डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघते, तिरकी वर जाते, थोडा वेळ सपाट धावते, मग झपकन खाली येऊन तळाला टेकते. तळाशी जरा रेंगाळते आणि पुन्हा वर निघते, या वेळी आधीच्या दुप्पट उंचीपर्यंत. आकृतीखाली प्रश्न आहे: ‘घरून सायकलवर क्लासला निघालेल्या मुलीच्या प्रवासाचं वर्णन करा.’

या आकृतीवर एका ठरावीक प्रकारचं उत्तर हमखास येतं. मुलगी टेकडी चढली, माथ्यावर सपाट रस्ता लागला, पुढे उतार आला, मग आणखी मोठी टेकडी. दुसरं उत्तर जरा शास्त्रीय वाटतं: मुलीने वेग वाढवला, मग एकाच वेगाने गेली, मग ब्रेक दाबत दाबत थांबली आणि पुन्हा वेग वाढवला. दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट जुळतात, कुठेही अडखळत नाहीत. म्हणूनच लिहिणाऱ्याला आपलं चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

ही गल्लत काही नववीपुरती नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भौतिकशास्त्र शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थीही अशाच चुका करताना दिसले. १९९४ साली रॉबर्ट बाइश्नर यांनी गतीच्या आलेखांसाठी खास चाचणी तयार केली. आलेखाला रस्त्याचं चित्र समजणं आणि रेघेची उंची व तिचा चढ यांत घोटाळा करणं, या चुका तिच्यातही ठळकपणे आढळल्या.

मराठीत या घोटाळ्याला भाषेचीही फूस आहे. गणिताच्या पुस्तकात रेषा किती तिरकी आहे हे सांगणाऱ्या संख्येला ‘चढ’ म्हणतात. घाटातल्या रस्त्यालाही आपण चढच म्हणतो. ‘पहिल्या भागाचा चढ काढा’ असं वाचल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर आधी घाट उभा राहिला, तर त्यात त्याचा दोष नाही. कार्यपत्रिकेतली मुलगी मात्र पूर्ण सपाट रस्त्यावरून जात असू शकते. कागदावर वर जाणं म्हणजे इथे उंच जाणं नसून घरापासून दूर जाणं.

हे कळतं ते उभ्या अक्षावरचे शब्द वाचल्यावर. तिथे ‘घरापासूनचं अंतर (मीटर)’ असं लिहिलेलं आहे आणि आडव्या अक्षावर ‘वेळ (मिनिटं)’. मुलं थेट रेघेकडे धावतात आणि अक्षांवरची बारीक अक्षरं राहून जातात. रेघेवर हात ठेवून दोन्ही अक्ष आधी मोठ्याने वाचायला लावणाऱ्या शिक्षकाचं निम्मं काम तिथेच होतं.

आता आकडे पाहू. पहिल्या ६ मिनिटांत रेघ शून्यापासून ९०० मीटरपर्यंत जाते. चढ काढायचा म्हणजे अंतर किती बदललं त्याला वेळ किती गेला त्याने भागायचं. ९०० भागिले ६, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. तासाला ९ किलोमीटर, सायकलसाठी निवांत चाल. रेघेचा हा तुकडा सरळ आहे, म्हणजे या सहा मिनिटांत चाल वाढलीही नाही आणि घटलीही नाही. दुसरं उत्तर लिहिणारा मुलगा नेमका इथे फसला. रेघ वर जातेय म्हणून वेग वाढतोय असं त्याने धरलं, पण वाढलं ते फक्त अंतर. वेग खरोखर वाढत असता, तर रेघ सरळ न राहता वळून अधिकाधिक उभी होत गेली असती.

सहाव्या ते आठव्या मिनिटापर्यंत रेघ ९०० मीटरवर आडवी आहे. वेळ पुढे गेला, अंतर तेवढंच राहिलं. मुलगी थांबली आहे. कदाचित रस्त्यात मैत्रीण भेटली असेल आणि बोलताना लक्षात आलं असेल की वही घरीच राहिली. कारण आलेखात कधीच लिहिलेलं नसतं, थांबणं मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं.

आठव्या ते अकराव्या मिनिटात रेघ ९०० वरून शून्यावर येते. हा परतीचा प्रवास. खाली जाणारी रेघ म्हणजे वेग कमी होणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा तुकडा मोजून पाहावा. ९०० मीटर, ३ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३०० मीटर. जातानाच्या बरोबर दुप्पट! तासाला १८ किलोमीटर या चालीने ती घराकडे सुटली आहे आणि अख्ख्या प्रवासात हाच सर्वांत वेगवान टप्पा आहे. रेघ उतरते आहे यातून फक्त दिशा कळते. चाल किती, हे तिच्या तिरकेपणावरून कळतं, मग ती चढती असो वा उतरती.

पुढची दोन मिनिटं रेघ थेट आडव्या अक्षावर पडून आहे आणि बऱ्याच जणांना ती दिसतच नाही, कारण अक्षाच्या काळ्या रेषेत ती मिसळून जाते. मुलगी घरात वही शोधते आहे. तेराव्या मिनिटाला ती पुन्हा निघते आणि एकविसाव्या मिनिटाला १८०० मीटरवरच्या क्लासला पोचते. ८ मिनिटांत १८०० मीटर, मिनिटाला २२५.

इथे आणखी एक सापळा आहे. ‘सतराव्या मिनिटाला मुलीची चाल किती?’ असं विचारलं की अनेक जण रेघेवर सतरावं मिनिट गाठतात, उंची वाचतात, ९०० मीटर, आणि त्याला १७ ने भागून ५३ असं काहीतरी लिहितात. पण ती तेव्हा मिनिटाला २२५ मीटरनेच चालली आहे. नऊशे मीटर हे त्या क्षणीचं घरापासूनचं अंतर आहे आणि सतरा मिनिटांत थांबणं, परत जाणं, वही शोधणं सगळं आलं. त्या भागाकारातून कुठल्याच टप्प्याची चाल निघत नाही. चाल हवी असेल तर ज्या तुकड्यावर तो क्षण आहे त्या तुकड्याची दोन टोकं धरायची आणि दोन्ही अक्षांवरचा फरक घ्यायचा. रेघ शून्यातून निघालेली असेल तेव्हाच शेवटच्या बिंदूचे आकडे सरळ भागून बरोबर उत्तर येतं. पुस्तकातली पहिली उदाहरणं नेमकी तशी असतात, म्हणून ही सवय लागते.

परतीच्या प्रवासाबाबत एक खुलासा मात्र प्रश्न काढणाऱ्यांनी करायला हवा आणि तो पुष्कळदा राहून जातो. उभ्या अक्षावर नुसतं ‘अंतर’ लिहिलं तर अर्थ दोन होतात. घरापासूनचं अंतर घेतलं तर परत येताना रेघ उतरते. पण कापलेलं एकूण अंतर घेतलं, तर रेघ कधीच उतरू शकत नाही. रिक्षाचा मीटर प्रवासी उलटा फिरला म्हणून आकडे कमी करत नाही, तसंच ते. याच मुलीचा असा आलेख काढला तर रेघ ९०० पर्यंत चढेल, थांबेल, पुन्हा चढून १८०० ला जाईल, थांबेल आणि अखेर ३६०० मीटरवर संपेल. क्लास घरापासून १८०० मीटरवर असला तरी तिने पाय मारले ३६०० मीटरभर. ‘एकूण किती अंतर कापलं?’ या प्रश्नाला रेघेच्या शेवटच्या बिंदूची उंची वाचून १८०० लिहिणारे चुकतात ते इथे.

आता मूळ गल्लतीकडे. तीच आकृती ठेवून उभ्या अक्षावरचा शब्द बदलला की गोष्ट कशी पालटते, हे पाहण्यासाठी पहिला तुकडाच पुरेसा आहे: वर, सपाट, खाली शून्यावर. घरापासूनचं अंतर म्हणून वाचलं तर मुलगी गेली, थांबली, घरी परतली. आता अक्षावर ‘चाल’ लिहा. ही मुंबईच्या लोकलची दोन स्थानकांमधली धाव झाली. समजा, गाडी ३० सेकंदांत शून्यापासून सेकंदाला १५ मीटर एवढी चाल घेते, ६० सेकंद त्याच चालीने धावते आणि २० सेकंदांत ब्रेक लावून थांबते. सपाट भागात गाडी उभी नाही, उलट तिथेच ती सर्वांत जोरात पळते आहे. रेघ शून्यावर आली म्हणजे गाडी मागच्या स्थानकावर परतली नाही, पुढच्या स्थानकात उभी राहिली. किती पुढे, ते या आलेखात उंचीवरून वाचता येत नाही. रेघेखालचं क्षेत्रफळ काढावं लागतं. दोन त्रिकोण आणि मधला आयत मिळून २२५, १५० आणि ९००, एकूण १२७५ मीटर.

आपल्या सायकलवालीचा चाल-काल आलेख काढला तर त्यात तिरकी रेघच नसेल. १५० वर एक आडवा तुकडा, मग शून्यावर, मग ३०० वर, पुन्हा शून्यावर, मग २२५ वर. ही पायऱ्यांची आकृती आणि मूळ आकृती यांत रूपाचं काहीच साम्य नाही. दोन्ही एकाच प्रवासाच्या आहेत हे विद्यार्थ्याने स्वतः आलेख कागदावर काढून पाहिलं की पटतं, नुसतं ऐकून नाही. पायऱ्या अशा काटकोनात असणं हे अर्थात कार्यपत्रिकेचं सोपं जग आहे. खरी सायकल क्षणात शून्यावरून १५० वर जात नाही, त्यामुळे खऱ्या अंतर-काल आलेखाचे कोपरे किंचित गोलसर असतात.

दोन रेघा एकाच आलेखावर आल्या की फरक आणखी धारदार होतो. अंतर-काल आलेखात दोन रेघा छेदल्या तर दोघे त्या क्षणी एकाच जागी आहेत, चाल वेगळी असली तरी. चाल-काल आलेखात छेदल्या तर दोघांची चाल त्या क्षणी सारखी आहे, मग ते एकमेकांपासून कोसभर दूर का असेनात.

या छेदण्याला रेल्वेत मोठी किंमत आहे. फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी १८७८ सालच्या आपल्या पुस्तकात आलेखाच्या पद्धतीची ओळख करून दिली. त्यांनी दाखवलेला पॅरिस-लिआँ गाड्यांचा तक्ता प्रसिद्ध आहे: आडवा अक्ष वेळेचा, उभ्या अक्षावर अंतराच्या प्रमाणात मांडलेली स्थानकं आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांतही गाड्यांची हालचाल अशाच तक्त्यावर मांडली जाते. जलद गाडीची रेघ जास्त उभी, मालगाडीची पसरट, स्थानकातला थांबा म्हणजे छोटा आडवा तुकडा. एका दिशेच्या गाड्यांच्या रेघा चढतात, उलट दिशेच्या उतरतात. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. तिथे चढती आणि उतरती रेघ दोन स्थानकांच्या मधे छेदून चालत नाही. छेद स्थानकावरच, जादा रूळ असलेल्या जागी पडावा लागतो आणि त्यासाठी एका गाडीच्या रेघेत आधीच आडवा तुकडा घालावा लागतो. खिडकीबाहेर काहीच न घडता गाडी एखाद्या लहान स्थानकात दहा मिनिटं उभी राहते, तेव्हा आतले प्रवासी त्या आडव्या तुकड्यावर बसलेले असतात.