बदामाच्या पाकिटावरचा आकडा

बदामाच्या पाकिटामागे लहान अक्षरांत एक तक्ता असतो. समजा त्यात लिहिलंय, 100 ग्रॅममध्ये प्रथिने 21 ग्रॅम, स्निग्ध पदार्थ 50 ग्रॅम, कर्बोदके 22 ग्रॅम आणि त्यांपैकी तंतुमय पदार्थ 12 ग्रॅम. सगळ्यात वर ऊर्जा, 598 किलोकॅलरी. आपण बोलताना हिलाच नुसतं कॅलरी म्हणतो. हा वरचा आकडा सहसा कुठल्या यंत्राने मोजलेला नसतो. तो खालच्या आकड्यांचा गुणाकार करून काढलेला असतो.

प्रथिनांच्या ग्रॅमला 4 ने गुणायचं, 84. स्निग्ध पदार्थांना 9 ने, 450. तंतू वगळून उरलेल्या 10 ग्रॅम कर्बोदकांना 4 ने, 40. तंतूंना 2 ने, कारण ते लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून थोडी ऊर्जा आपल्याला मिळते. म्हणजे 24. बेरीज 598. एखाद्या उत्पादकाने तंतू वेगळे न काढता सगळ्या कर्बोदकांना 4 ने गुणलं, तर त्याच बदामाच्या 622 कॅलरी होतात.

हे 4 आणि 9 आले अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाकडून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे नमुने ऑक्सिजन भरलेल्या बंद पोलादी भांड्यात जाळले आणि भोवतालचं पाणी किती तापलं यावरून उष्णता मोजली. पण माणूस म्हणजे भट्टी नव्हे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लोकांना मोजून जेवू घातलं आणि त्यांच्या मलमूत्रातून किती ऊर्जा वाया जाते तेही तपासलं. एक ग्रॅम प्रथिन जाळलं तर सुमारे 5.65 कॅलरी निघतात. शरीरात ते पूर्ण जळत नाही. युरियासारख्या पदार्थांतून लघवीवाटे सुमारे 1.25 कॅलरी निघून जातात. उरलेल्या 4.4 पैकी पचतं साधारण 92 टक्के. उत्तर येतं 4.05, त्याचे झाले 4. स्निग्ध पदार्थांचे 9.4 असतात, 95 टक्के पचन धरून 8.9, त्याचे झाले 9.

या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मिश्र जेवणासाठी हे आकडे आजही चांगले चालतात. पण 92 आणि 95 टक्के या त्या काळच्या संमिश्र आहाराच्या सरासऱ्या आहेत. त्या एकट्या बदामाला लावल्या की गडबड होते.

ती किती होते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं. त्यांनी 18 निरोगी माणसांना ठरलेला आहार दिला, कधी बदामासह, कधी बदामाविना. मलमूत्र गोळा करून त्यातली ऊर्जा मोजली. नेहमीच्या हिशेबाने 28 ग्रॅम बदामात 170 च्या आसपास कॅलरी येतात. शरीराला मिळाल्या 129.

कारण बदामाच्या रचनेत आहे. त्यातलं तेल पेशींच्या आत असतं आणि पेशींच्या भिंती आपल्या पाचकरसांना विरघळवता येत नाहीत. चावताना जेवढ्या पेशी फुटतात, तेवढंच तेल मोकळं होतं. बाकीचं तसंच बाहेर पडतं. म्हणूनच 2016 च्या पुढच्या अभ्यासात ग्रॅममागे अख्ख्या कच्च्या बदामातून 4.42, अख्ख्या भाजलेल्यातून 4.86 आणि बदामाच्या लोण्यातून 6.53 कॅलरी मिळाल्या. भाजल्याने बदाम ठिसूळ होतो आणि चावताना जास्त फुटतो. लोण्याच्या बाबतीत मात्र गुणाकाराचं उत्तर बरंच जवळ गेलं. शेंगदाण्याचंही असंच आहे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अख्खे दाणे खाणाऱ्यांच्या शौचातून आहारातल्या चरबीपैकी सुमारे 18 टक्के बाहेर पडली. दाण्यांचं लोणी खाल्ल्यावर 7 टक्के.

पाकिटावरचा तक्ता हा फरक दाखवू शकत नाही. दळणं, भाजणं, शिजवणं यांनी प्रथिनांचे आणि चरबीचे ग्रॅम फारसे बदलत नाहीत, म्हणून गुणाकारही बदलत नाही. बदलतं ते पचन. त्यात प्रत्येक पिकाचा दाणा वेगळा आणि प्रत्येकाचं चावणंही वेगळं.

म्हणून दोन बिस्किटांच्या पुड्यांत कोणता हलका, हे ठरवायला हा आकडा जरूर वापरा. दोन्ही सारख्याच पिठाचे असतील तर चूकही साधारण सारखीच असेल. अख्खे दाणे आणि सुकामेवा खाताना मात्र लिहिलंय त्यापेक्षा कमी पदरात पडतं असं धरा. आणि मोबाइलवरच्या हिशेबात दिवसाला वीस-तीस कॅलरी वर-खाली दिसल्या, तर ताटातला घास कमी करू नका. तेवढी अचूकता त्या आकड्यात मुळातच नाही.