एकच स्टेशन, तीन नावं: जुना व्हिडिओ सापडणार कसा?

समजा, एका मोठ्या वृत्तसंस्थेकडे मुंबईतल्या एकाच स्टेशनच्या शेकडो टेप आहेत. १९९० च्या टेपवर लिहिलंय ‘व्हीटी’. १९९६ मध्ये नाव बदललं आणि टेपवर ‘सीएसटी’ आलं, २०१७ पासून ‘सीएसएमटी’. आज ‘सीएसएमटी’ शोधलं, तर आधीच्या टेप दिसणारच नाहीत!

मग उपाय काय? टॅग मनाने टाइप करायचा नाही, ठरलेल्या यादीतून निवडायचा. यादीत स्टेशनला एकच क्रमांक असतो आणि तिन्ही नावं त्याला जोडलेली असतात. कोणतंही नाव टाका, सगळे व्हिडिओ येतात.

टेपवरचं मूळ नाव मात्र पुसायचं नाही, वेगळ्या रकान्यात जपायचं. तारीख हरवली असेल, तर काळाचा अंदाज त्यावरूनच येतो.