थर्मामीटर तीन, ताप किती?

समजा, भर उन्हात क्रिकेट खेळून मुलगा घरात येतो. अंग गरम लागतं म्हणून आजी कपाळासमोर इन्फ्रारेड थर्मामीटर धरते. आकडा येतो १००.८. आई काखेत डिजिटल लावते, तर ९८.४. कपाटातल्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर पारा ९८.२ वर थांबतो. आता औषध द्यायचं की सरबत?

इन्फ्रारेड यंत्र अंगाला न लावता कपाळाच्या कातडीतून निघणारी उष्णता टिपतं आणि त्यावरून शरीराच्या आतल्या तापमानाचा अंदाज बांधतं. उन्हात तापलेलं कपाळ म्हणूनच त्याला फसवतं. घाम किंवा पंख्याचा वारा असेल तर आकडा उलट खाली येतो. मुलाला पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसवून, कपाळ पुसून पुन्हा पाहिलं, की बहुतेकदा फरक मिटतो. तरीही आकडा विचित्र वाटला, तर भिंग धुळकट झालंय का आणि यंत्र अंगाऐवजी वस्तूचं तापमान मोजायच्या सेटिंगवर आहे का, ते पाहावं.

राहिले दोघे. त्यांची परीक्षा घरीच घेता येते. बर्फाच्या पाण्याचा प्रयोग मात्र इथे कामाचा नाही. तापाचं डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ ते ४२ अंश सेल्सिअसपर्यंतच मोजतं, त्यामुळे बर्फात ते नुसतं Lo दाखवतं. उकळतं पाणी तर काचेच्या थर्मामीटरला घातकच. पारा पसरायला जागा न उरल्याने काच फुटते.

म्हणून थर्मासमध्ये हाताला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्यावं. काचेचा थर्मामीटर आधी झटकून पारा ९६ च्या खाली उतरवावा. पाणी ढवळून दोघांची टोकं एकाच वेळी, एकाच खोलीवर बुडवावीत. एकाच वेळी अशासाठी, की दोघेही गाठलेला सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतात. एक आधी आणि दुसरा नंतर बुडवला, तर मधल्या वेळात निवलेलं पाणी निकाल बिघडवतं. बीप वाजली तरी डिजिटल लगेच काढू नये, तीन मिनिटांनी दोन्ही आकडे वाचावेत. एकावर १००.४ आणि दुसऱ्यावर १००.६ आलं, तर दोघेही ठीक. तीनदा करूनही अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला, तर आधी डिजिटलची बॅटरी बदलून पाहावी. तरीही फरक तसाच असेल, तर चूक कुणाची हे तिसरं थर्मामीटर सोबत बुडवल्यावर कळतं.

मोजण्याची जागाही आकडा बदलते. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. नुकताच गरम चहा घेतला असेल, तर तोंडात लावण्याआधी अर्धा तास थांबावं.

काचेचा थर्मामीटर फुटलाच, तर पाऱ्याचे मणी झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा करू नयेत. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, ते जाड कागदावर ओढून झाकणाच्या बरणीत भरावेत.