एडीएचडीचं निदान झालंय? आधी कोणतं पुस्तक उघडाल?

सिल्वासा : येथील एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या गृहस्थांना वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी एडीएचडी म्हणजे अवधान टिकण्यातली अडचण असल्याचं सांगितलं. ते वापीला गेले आणि तीन पुस्तकं घेऊन आले. महिन्याभरात तिन्ही अर्धवट. 'पुस्तक वाचायलाही लक्ष लागत नाही, मग उपयोग काय?' असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण चूक त्यांची नव्हती, निवडीची होती.

दुकानात पुढे मांडलेली पुस्तकं बहुतेक साध्या वाचकासाठी असतात. कॅल न्यूपोर्ट यांचं 'डीप वर्क' (२०१६) चांगलं आहे, पण त्याचा भर सलग, लांब वेळ एकाच कामात बुडून जाण्यावर आहे. नेमकं तेच ज्याला जमत नाही, त्याला आपणच आळशी आहोत असं वाटू लागतं. रसेल बार्कली यांचं 'टेकिंग चार्ज ऑफ अॅडल्ट एडीएचडी' (२०१०) वेगळी गोष्ट सांगतं. काय करायचं हे अशा माणसाला माहीत असतं. माहीत असलेलं ऐन वेळी हातून होत नाही, ही खरी अडचण. म्हणून आठवण डोक्यात न ठेवता काम जिथे करायचं तिथेच, डोळ्यांसमोर ठेवावी लागते. आजार समजून घ्यायला हे पुस्तक बरं.

पण सुरुवात सराव-पुस्तकाने करावी, असं मला वाटतं. स्टीव्हन सॅफ्रेन आणि सहकाऱ्यांचं 'मास्टरिंग युअर अॅडल्ट एडीएचडी' त्या प्रकारचं आहे. त्यातल्या उपचारपद्धतीची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना ही पद्धत शिकवली, बाकीच्यांना शरीर-मन सैल सोडण्याचा सराव दिला. पहिल्या गटाला जास्त फायदा झाला. मात्र तिथे शिकवायला समोर तज्ज्ञ होता, हे विसरू नये.

त्यातली एक युक्ती आमच्या गृहस्थांनी जीएसटीच्या कामाला लावली. खरेदीची १२० बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवायची होती. एरवी हे काम १९ तारखेच्या रात्री व्हायचं, कारण २० तारखेला रिटर्न. या वेळी त्यांनी आधी मोजलं : बिलं जुळवायला बसल्यावर उठावंसं पहिल्यांदा कधी वाटतं? तीन वेळा पाहिलं. ९, १४ आणि १० मिनिटं. सरासरी ११. मग कामाचे तुकडे १० मिनिटांचे केले. एका तुकड्यात साधारण १२ बिलं होत होती, म्हणजे दहा तुकडे. २बी १४ तारखेला आलं की १५, १६ आणि १७ तारखेला ४, ३, ३ अशी वाटणी.

दुसरा भाग वहीचा. मध्येच 'गॅस बुक करायचाय', 'भावाला फोन' असं काही आठवलं तर उठायचं नाही. वहीत लिहायचं आणि पुढचं बिल उचलायचं. घंटा वाजली की वही पाहायची : आत्ता करायचं, नंतर करायचं की खोडायचं? विचार दाबायचा नसतो, पुढे ढकलायचा असतो. लिहिलं की तो हरवणार नाही याची खात्री होते, म्हणून तो सारखा टोचत नाही.

बिघडतं कुठे? पहिली चूक मोबाइलवर घंटा लावण्याची. बंद करायला हात गेला की व्हॉट्सअॅप उघडतंच. स्वयंपाकघरातला टायमर घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी चूक तुकडा मोठा ठरवण्याची. निम्म्याहून जास्त तुकडे घंटेआधी मोडत असतील तर वेळ कमी करा, सातच मिनिटं धरा. आणि वही कोरीच राहते, तरी काम होत नाही, असं असेल तर अडचण लक्ष विचलित होण्याची नसून सुरुवात करण्याची असू शकते. तेव्हा 'बिलं जुळवणे' ऐवजी 'फाइल टेबलावर काढणे' एवढंच पहिलं काम लिहा.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. ती पहिल्या पानापासून संपवायची नसतात. एका आठवड्याला एकच सराव घ्या आणि तो मराठीत आपल्या वहीत उतरवा. घरातल्या कुणाला तरी रविवारी वही दाखवा.

पुस्तक हा उपचाराचा जोड आहे, बदली नव्हे. ते वाचून औषध परस्पर बंद करू नका. महिनाभर नेटाने करूनही फरक नसेल, झोप उडाली असेल किंवा मन सतत उदास असेल, तर पुढचं पुस्तक घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. नैराश्यातही लक्ष असंच उडतं. डॉक्टर लांब असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

आमच्या गृहस्थांची बिलं त्या महिन्यात १८ तारखेला जुळली, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. 'डीप वर्क' अजून अर्धंच वाचून झालंय. ते राहू दे म्हणाले.