हंडी फुटण्याआधीचा क्षण

दहीहंडीच्या व्हिडिओत थर भराभर चढतात, वरच्या गोविंदाचा हात हंडीपाशी पोहोचता पोहोचता सगळं संथ होतं आणि हंडी फुटली की वेग पुन्हा पूर्ववत. एडिटर याला स्पीड रॅम्प म्हणतात.

समजा, सेकंदाला ५० फ्रेम या वेगाने केलेलं चित्रण २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर आहे. वेग निम्मा केला तरी अडचण नाही, कारण टिपलेली प्रत्येक फ्रेम वापरली जाते. हात पुढे येतो त्या एका सेकंदाचा वेग २५ टक्क्यांवर आणला, तर तो सेकंद चार सेकंदांचा होतो. त्याला १०० फ्रेम लागतात आणि हाताशी असतात फक्त ५०. उरलेल्या कुठून आणायच्या?

फ्रेम नुसत्या दोनदा दाखवल्या तर हालचाल अडखळते. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या तर हाताला फिकट जुळा हात फुटतो. ऑप्टिकल फ्लो मात्र एका फ्रेममधला ठिपका पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला याचा अंदाज घेतं आणि मधली फ्रेम नव्याने घडवतं. ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) मधल्या गाजलेल्या गोळीबाराच्या दृश्यातही ओळीने लावलेल्या स्थिर कॅमेऱ्यांच्या चित्रांमधल्या जागा अशाच घडवलेल्या फ्रेमनी भरल्या होत्या.

मोकळ्या आकाशासमोर पुढे येणारा हात या पद्धतीला सोपा जातो. हंडी फुटली की मात्र पंचाईत होते. उडणारं पाणी आणि खापऱ्या आधीच्या फ्रेममध्ये नसतातच, मग त्या कुठून आल्या हे कळणार कसं? अशा वेळी थेंब वितळल्यासारखे ताणले जातात आणि गोविंदाच्या खांद्याची कड लाटेसारखी हलते. क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवली की हे लगेच दिसतं. म्हणून सर्वांत संथ भाग हंडी फुटण्याआधीच संपवावा, फुटताना वेग ५० टक्क्यांवर ठेवावा. खरं तर एडिटरच्या कौशल्यापेक्षा चित्रण करतानाच १०० फ्रेम निवडणं अधिक कामाचं. शटर १/५०० च्या आसपास ठेवलं तर कडा पुसट होत नाहीत आणि अंदाजही कमी चुकतो.

प्रीमिअर प्रोमध्ये क्लिपवर Time Remapping मधलं Speed निवडलं की एक आडवी रेघ दिसते. Ctrl (मॅकवर Cmd) दाबून तिच्यावर की-फ्रेम लावायच्या आणि दोन की-फ्रेममधली रेघ खाली ओढायची. एवढ्यावर थांबलं तर वेग गचका देऊन बदलतो. की-फ्रेमचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून दूर ओढले की रेघेला उतार येतो आणि निळ्या हँडलने तो वळणदार करता येतो. Optical Flow संपूर्ण क्लिपला लागू होतं, त्यामुळे हंडी फुटते तिथे क्लिप कापून पुढचा तुकडा Frame Sampling वर ठेवतात. हे सारं फक्त चित्राला लागू होतं. ढोलाचा आवाज आपल्याच वेगाने पुढे जातो, तो वेगळा बसवावा लागतो.