आभासी खोली

पारदर्शक द्रवाच्या तळाशी असलेली वस्तू वरून पाहिली असता प्रत्यक्षापेक्षा जितक्या कमी खोलीवर दिसते, त्या खोलीला आभासी खोली असे म्हणतात. द्रवाच्या पृष्ठभागापासून वस्तूपर्यंतचे खरे अंतर म्हणजे वास्तविक खोली. पाण्याच्या तळाशी ठेवलेले नाणे हे या आविष्काराचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. एकाच भांड्यात वेगवेगळ्या द्रवांचे थर एकावर एक असतील, तर नाणे किती वर आलेले दिसेल हे प्रत्येक थराची जाडी आणि त्याचा अपवर्तनांक यांवर ठरते. थरांच्या क्रमावर ते अवलंबून नसते.

कारण

नाण्यापासून निघालेले प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेपासून दूर वाकतात. डोळ्याला मात्र ते सरळ रेषेत आल्यासारखे भासतात. हवेतील किरण मागे वाढवले असता ते नाण्याच्या जागी न मिळता त्याच्या वर मिळतात आणि तेथे नाण्याची आभासी प्रतिमा दिसते. प्रतिमेचा आकार नाण्याएवढाच असतो. परंतु ती डोळ्याच्या अधिक जवळ असल्यामुळे नाणे किंचित मोठे भासते.

या आविष्काराचे निरीक्षण जुने आहे. इ. स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेल्या टॉलेमीने प्रकाशविषयक ग्रंथात नाण्याच्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. भांड्याच्या काठाआड नुकतेच लपेल अशा जागी नाणे ठेवावे, डोळा स्थिर ठेवावा आणि भांड्यात हळूहळू पाणी ओतावे. न दिसणारे नाणे दिसू लागते.

एकाच द्रवाचा थर

द्रवाची वास्तविक खोली d आणि अपवर्तनांक n असेल, तर सरळ वरून पाहताना

आभासी खोली = d / n

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. त्यामुळे १२ सेंमी खोल पाण्यातील नाणे सुमारे ९ सेंमी खोलीवर दिसते. ३ सेंमीच्या या फरकाला नाण्याचे आभासी उत्थापन म्हणता येईल.

अनेक थर

थर तळापासून वर मोजून त्यांच्या जाड्या d₁, d₂, d₃ आणि अपवर्तनांक n₁, n₂, n₃ मानू. पहिल्या व दुसऱ्या थरांच्या सीमेवर किरण वाकतात. दुसऱ्या द्रवातून पाहिल्यास नाण्याची प्रतिमा या सीमेखाली d₁ × n₂ / n₁ एवढ्या अंतरावर असते. ही प्रतिमा म्हणजेच पुढच्या सीमेसाठी वस्तू होय. त्या सीमेपासून तिचे अंतर d₂ + d₁ × n₂ / n₁ असते. तिसऱ्या द्रवातून पाहण्यासाठी या बेरजेला n₃ / n₂ ने गुणावे लागते आणि उत्तर मिळते

d₂ × n₃ / n₂ + d₁ × n₃ / n₁

पहिल्या थराच्या पदातून n₂ नाहीसा झाला, ही येथील महत्त्वाची गोष्ट आहे. मधल्या द्रवाने किरण जेवढे वाकवले, त्याचा पहिल्या थराच्या वाट्यावर परिणाम उरत नाही. यात d₃ मिळवून हवेत येण्यासाठी n₃ ने भागले की

आभासी खोली = d₁ / n₁ + d₂ / n₂ + d₃ / n₃

म्हणजे प्रत्येक थराची आभासी खोली जणू त्यावर थेट हवाच आहे असे समजून काढावी आणि सर्वांची बेरीज करावी. बेरजेत पदांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते.

सोडवलेले उदाहरण

एका उंच काचपात्राच्या तळाशी नाणे ठेवून त्यावर ६ सेंमी ग्लिसरीन, ८ सेंमी पाणी आणि ५ सेंमी शेंगदाणा तेल असे थर आहेत. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असल्याने खाली राहते आणि तेल हलके असल्याने तरंगते. ग्लिसरीन व तेल या दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे.

- ग्लिसरीन: ६ / १.४७ = ४.०८ सेंमी
- पाणी: ८ / १.३३ = ६.०२ सेंमी
- तेल: ५ / १.४७ = ३.४० सेंमी

एकूण वास्तविक खोली १९ सेंमी, तर आभासी खोली १३.५० सेंमी येते. नाणे ५.५० सेंमी वर आलेले दिसते. तिन्ही अपवर्तनांकांचा गुणाकार करून त्याने १९ ला भागणे ही विद्यार्थ्यांकडून होणारी नेहमीची चूक आहे. त्यातून ७ सेंमीपेक्षाही कमी उत्तर येते. ते चुकीचे आहे हे सहज ओळखता येते: सर्व १९ सेंमी ग्लिसरीनच असते, तरी आभासी खोली १२.९ सेंमीच्या खाली गेली नसती.

क्रमाचा पडताळा

द्रवांचा क्रम घनतेमुळे ठरत असल्याने तो उलटता येत नाही. मात्र काचेचा जाड ठोकळा वापरून पडताळा घेता येतो. १.५ अपवर्तनांकाचा ३ सेंमी जाडीचा ठोकळा पूर्ण बुडवून पृष्ठभाग तळापासून १२ सेंमी उंचीवर आणला, तर आभासी खोली ९ / १.३३ + ३ / १.५ म्हणजे सुमारे ८.७७ सेंमी होते. ठोकळा नाण्याला टेकलेला असो वा धाग्यांनी पाण्यात मध्यावर आडवा टांगलेला असो, जोवर तो पूर्ण बुडालेला व पृष्ठभागाला समांतर आहे, तोवर हे मूल्य बदलत नाही.

मापन आणि अडचणी

मोजमापासाठी वरखाली सरकणारा, मोजपट्टी जोडलेला सूक्ष्मदर्शक वापरतात. प्रथम रिकाम्या भांड्यातील नाण्यावरची खूण स्पष्ट दिसेल तेव्हाचे वाचन घेतात, नंतर द्रव भरल्यावर त्याच खुणेचे आणि शेवटी पृष्ठभागावर भुरभुरलेल्या बारीक पुडीचे. तिसऱ्या व पहिल्या वाचनांतील फरक म्हणजे वास्तविक खोली. तिसऱ्या व दुसऱ्या वाचनांतील फरक म्हणजे आभासी खोली.

ग्लिसरीन पाण्यात मिसळते. म्हणून पाणी भांड्याच्या कडेने अगदी सावकाश सोडावे लागते. घाईने ओतल्यास सीमेजवळ लहरणाऱ्या शिरा दिसतात आणि नाण्याची कडा थरथरते. अशा वेळी घेतलेले वाचन विश्वसनीय नसते. शिरा नाहीशा होईपर्यंत थांबावे. तेल व पाणी मिसळत नसल्याने त्यांची सीमा स्पष्ट राहते.

सूत्राची मर्यादा

वरील सूत्र जवळजवळ सरळ खाली पाहतानाच लागू पडते. तिरप्या दृष्टीने पाहिल्यास आभासी खोली आणखी कमी होते. दोन्ही डोळे समान उंचीवर ठेवून १० सेंमी खोल पाण्यातील नाण्याकडे पाहताना दृष्टिरेषा स्तंभिकेशी ३०° कोन करत असेल, तर नाणे सुमारे ७ सेंमी खोल भासते. हाच कोन ६०° झाला की ते जेमतेम ५ सेंमीवर दिसते. थरांचा क्रम मात्र तिरप्या दृष्टीतही महत्त्वाचा नसतो, कारण प्रत्येक समांतर थरातील किरणाचा कोन त्या थराच्या अपवर्तनांकावर आणि हवेतील कोनावरच ठरतो.

काठावर उभे राहून नितळ पाण्याचा तळ पाहणाऱ्यास हीच मर्यादा फसवते. २ मीटर खोल डोह सरळ वरून पाहिल्यास दीड मीटर वाटतो. पण काठावरून काही अंतरावरच्या तळाकडे ६०° कोनात पाहिल्यास तो सुमारे १ मीटरच वाटतो. त्यामुळे तळ दिसतो म्हणून तेथे पाय टेकतील असे मानणे जिवावर बेतू शकते.