मोठी गाठ निर्दोष निघाली

"पिशवीला गाठ आहे. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." कामशेत, वडगाव, पवनानगरकडून लोणावळ्याला येणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता सोनोग्राफीचा कागद उघडण्याआधीच राग येतो. कधी हे जाऊबाईंनी सांगितलेलं असतं, कधी शेजारणीनं आणि वाईट म्हणजे कधी डॉक्टरनंही.

ही गाठ म्हणजे फायब्रॉइड, गर्भपिशवीच्या स्नायूतच वाढणारी साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना ती होते आणि अनेकींना तिचा पत्ताही लागत नाही. फायब्रॉइडचा कॅन्सर होतो, असं मानायला पुरेसा आधार नाही. स्नायूचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, बहुधा वेगळाच उगवतो. अमेरिकेच्या एफडीएने 2014 साली दिलेला भीतिदायक अंदाज घेतला, तरी फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्या 350 बायकांमागे एकीत तो सापडतो. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत प्रमाण याहून कमी आलं. पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र थांबू नये.

मग पाळीत जास्त रक्त का जातं? गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पवन मावळातल्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईंचं उदाहरण घेऊ. भातलावणीत चिखलात उभं राहायचं, आणि पाळीत तासातासाला पॅड भिजायचं. बदलायला आडोसा नाही. आठ-नऊ दिवस अंगावरून जायचं, रुपयाच्या नाण्याएवढे गठ्ठे पडायचे. हिमोग्लोबिन 7.6. रिपोर्टमध्ये दोन गाठी होत्या. एक पाच सेंटिमीटरची, पिशवीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे सबसिरोसल. दुसरी दीड सेंटिमीटरची, आतल्या अस्तराखाली पोकळीत डोकावणारी, म्हणजे सबम्युकोसल. घरातल्या सगळ्यांची नजर पाच सेंटिमीटरवर. "एवढी मोठी गाठ पोटात ठेवून कसं चालेल?" असं त्यांचे दीर मला विचारत होते.

पण बाहेरची गाठ मोठी असली तरी तिचा पाळीशी फारसा संबंध नसतो. फार वाढली तर लघवीच्या पिशवीवर दाब देईल, एवढंच. गुन्हेगार ती छोटी. ती पोकळीत फुगते, अस्तराचं क्षेत्रफळ वाढवते, आकसून रक्त थांबवायची पिशवीची ताकद कमी करते.

आधी शिरेतून लोह दिलं. रक्त जायच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या. पूर्वी पायाच्या नसेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर त्या देत नाहीत, म्हणून ते विचारून घेतलं. थायरॉइड तपासलं. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर दुर्बिणीतून, योनीमार्गानेच, छोटी गाठ काढली. पोटाला चीर नाही. मोठी गाठ तशीच आहे आणि तिच्यावर सोनोग्राफीने नजर ठेवायची, एवढंच.

सगळ्यांचं असं सोपं नसतं. गाठ स्नायूच्या आत असेल आणि पोकळी वाकडी झालेली नसेल, तर हार्मोनचं कॉपर टीसारखं साधन, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल आययूएस, रक्तस्राव खूप कमी करतं. पोकळी वाकडी असेल तर ते साधन निसटण्याची शक्यता वाढते. मूल हवं असेल तर गाठ तेवढी काढतात, पण नव्या गाठी पुन्हा येऊ शकतात. रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवण्याची पद्धतही आहे, पण पुढे मूल हवं असेल तर ती सहसा टाळतात.

पिशवी काढणं चूक नाही. पिशवी गाठींनी भरली असेल, इतर उपाय फसले असतील आणि बाईने स्वतः समजून निवडलं असेल, तर ते योग्यच. पण बीडमध्ये काय झालं ते विसरू नये. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या 2019च्या अहवालात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. पुढे अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या सूचना आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

आता बारीकसारीक. रिपोर्टमधलं 'बल्की युटेरस' म्हणजे थोडी मोठी पिशवी, तो आजार नव्हे. ट्रॅनेक्सॅमिकने रक्त कमी होतं, गाठ विरघळत नाही. काढ्याने ती विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पाळी गेल्यावर गाठी बहुधा आपोआप आकसतात. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचा त्रास एका रात्रीत सुरू होतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात. म्हणून ते काढणार का, हे ऑपरेशनआधी विचारा.

सोनोग्राफी करून घेताना डॉक्टरांना एवढंच सांगा, गाठ पोकळीपासून किती लांब आहे ते रिपोर्टवर लिहून द्या.